डबीवर मोगरा, वाटीत करडई: फोटोवरून केशर कसं ओळखायचं

"दादा, सुनेला सातवा महिना लागलाय. तिच्यासाठी ऑनलाइन एक ग्रॅम केशर मागवलं, एकशे चाळीस रुपयांना. डबीवर 'अस्सल काश्मिरी मोगरा, ए प्लस प्लस प्लस, आयएसओ ग्रेड वन, जीआय' असं बरंच काही लिहिलंय. पण काड्या काही लाल, काही नारिंगी दिसतात आणि दुधात टाकल्या टाकल्या दूध पिवळं झालं. डबीचा आणि काड्यांचा जवळून काढलेला फोटो जोडलाय. हे खरं केशर आहे का?" (सेलू, जि. परभणी)

ताई, आधी निकाल सांगतो, कारण प्रश्न गरोदर बाईच्या पोटात जाणाऱ्या वस्तूचा आहे: ही डबी सुनेला देऊ नका. तुमच्या फोटोत थोड्या काड्या खऱ्या केशराच्या दिसतात, पण जास्त भरणा करडईच्या वाळलेल्या पाकळ्यांचा आहे. तुम्ही परभणी जिल्ह्यातल्या, तेव्हा करडी तुम्हाला मी ओळखून द्यायला नको. शेतात फुलावर आलेली करडी तुम्ही कितीदा पाहिली असेल, फक्त ती वाळवून, डबीत भरून, झाकणावर दल सरोवराचं चित्र लावलेली पाहिली नसेल. मी लातूरला मसाला आणि सुकामेव्याच्या ठोक व्यापारात आहे. आमच्याकडं नमुन्याला येणाऱ्या खोट्या केशरात सगळ्यात जास्त हाच प्रकार असतो, म्हणून यावरच नीट लिहितो.

फोटो बघताना मी पहिल्यांदा रंग बघतच नाही, आकार बघतो. रंग मोबाइलचा कॅमेरा बदलू शकतो, आकार तो बदलत नाही.

केशराच्या फुलात मधोमध स्त्रीकेसर असतो. त्याचा देठ पिवळा आणि वर त्याला तीन लाल फाटे. तो लाल फाटा म्हणजे आपली केशराची काडी. खाली ती दोऱ्यासारखी बारीक असते आणि वर जाता जाता रुंदावत तुतारीच्या तोंडासारखी उघडते. त्या तोंडाची कड गुळगुळीत नसते, तिला बारीक दातेरी झालर असते. काडी वाळली की हे तोंड मिटतं, चपटं होतं, जरा पिळवटतं, पण वरचं टोक मधल्या भागाच्या दुप्पट-तिप्पट रुंद दिसतंच. तुमच्या फोटोत मोजपट्टी नाही, त्यामुळं काडी अडीच सेंटिमीटरची आहे की दीडची, हे मला सांगता येणार नाही. पण टोकाची रुंदी आणि मधली रुंदी यांचं गुणोत्तर फोटो कितीही मोठा केला तरी तेच राहतं. मापाशिवाय आलेल्या फोटोत म्हणूनच मी याच एका गोष्टीवर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो.

आता करडईची पाकळी. करडईच्या एका बोंडात पुष्कळ छोटी छोटी फुलं दाटीनं असतात आणि आपण जिला पाकळी म्हणतो ते खरं तर एक अख्खं फूल असतं. खाली लांब, बारीक नळी. वर ती नळी पाच अरुंद पट्ट्यांत फाटते आणि त्या पट्ट्यांच्या मधून परागकोशांची पिवळी नळी बाहेर डोकावते. वाळल्यावर पट्ट्या एकमेकींना चिकटतात, काही तुटतात, आणि लांबून सगळं केशराच्या काडीसारखं दिसायला लागतं. जवळून पाहिलं तर फरक टोकालाच सापडतो. केशराचं टोक हे एकच पसरलेलं पान असतं, कडेला झालर असलेलं. करडईचं टोक चिरफाळलेलं असतं, दोन-तीन-पाच सुट्या बारीक पट्ट्या.

हे डोक्यात ठेवून तुमचा फोटो पुन्हा उघडा. वाटीच्या डाव्या कडेला, जिथं उजेड पडलाय तिथं, पाच-सहा काड्या एकमेकींपासून सुट्या आहेत. त्यातल्या दोन गडद किरमिजी, वर रुंद आणि खाली पिवळसर होत गेलेल्या. त्या केशराच्या आहेत. त्यांच्याच शेजारची नारिंगी काडी मोठी करून बघा: खालपासून वरपर्यंत सारखीच बारीक आणि टोकाला दोन फाके झालेले. ती करडई. वाटीच्या मध्यात एका नारिंगी काडीच्या टोकातून गव्हाच्या दाण्याहून लहान, पिवळा, नळीसारखा तुकडा बाहेर आलाय. तो करडईचा परागकोश आहे. केशराच्या काडीच्या लाल, रुंद टोकातून पिवळं काही बाहेर येणं शक्यच नाही, कारण केशरात पिवळा भाग असतो तो खालच्या, बारीक टोकाला. पिवळं कुठल्या टोकाला आहे एवढं जरी तुम्ही पाहिलंत, तरी या भेसळीचा अर्धा निकाल तिथंच लागतो.

मक्याच्या कणसाचे केस रंगवूनही भरतात. ते ओळखणं तुलनेनं सोपं, कारण त्यांना टोकच नसतं, अथपासून इतिपर्यंत एकाच जाडीचा दोरा. तुमच्या डबीत ते मला दिसले नाहीत.

रंगाकडं आता येऊ. फोटोत आधी एखादी पांढरी वस्तू शोधायची. तुमच्या फोटोत स्टीलच्या वाटीखाली वर्तमानपत्र आहे आणि ते पिवळसर दिसतंय, म्हणजे फोटो रात्री पिवळ्या बल्बखाली काढलाय. अशा उजेडात लाल रंग नारिंगीकडं झुकतो. त्यामुळं 'काड्या नारिंगी दिसतात' एवढ्यावरून मी काहीच म्हटलं नसतं. पण एकाच उजेडात, एकाच वाटीत काही काड्या किरमिजी आणि काही नारिंगी दिसत असतील तर तो फरक बल्बचा नाही, मालाचा आहे. फोटोतला रंग नेहमी असा शेजारच्या काडीशी ताडून बघायचा.

दुसरं म्हणजे एकाच काडीत रंग कसा उतरत जातो ते बघायचं. खऱ्या काडीत वर गडद लाल, मग जरा उजळ, मग नारिंगी आणि खाली देठाशी फिकट पिवळा असा उतार असतो. काही जण केशराचेच पिवळे देठ वेगळे काढून लाल रंगात बुडवतात आणि पुन्हा मालात मिसळतात. तिथं उतार नाहीसा होतो: देठाचा बारीक भागही टोकाइतकाच लाल आणि सगळीकडं एकसारखा. या भेसळीत वस्तू केशराच्याच झाडाची असते, म्हणून ती जास्त फसवते. विक्रेत्याच्या जाहिरातीतल्या फोटोवरून मात्र हे ठरवू नका. तिथं लाल रंग इतका चढवलेला असतो की काडीचे बारकावे बुडून नुसता लाल गोळा दिसतो. असा फोटो ना खरं सांगतो ना खोटं.

आणि दूध लगेच पिवळं झालं, त्याचं. केशरातला क्रोसिन हा रंग पाण्यात विरघळतो, पण सावकाश. कोमट पाण्यात काडी टाकली की आधी तिच्याभोवती पिवळं वलय धरतं आणि दहा-पंधरा मिनिटांत पाणी सोनेरी होत जातं. तेवढ्यात काडी लालच राहते. करडईच्या पाकळीत दोन रंग असतात. एक पिवळा, जो पाण्यात चटकन उतरतो, आणि दुसरा लाल, कार्थामिन, जो साध्या पाण्यात फारसा उतरत नाही. म्हणून तुमचं दूध लगेच पिवळं झालं आणि तरी पाकळ्या नारिंगीच राहिल्या असतील. 'काडीचा रंग गेला नाही, म्हणजे खरं केशर' ही जी खूण सगळीकडं सांगतात, ती करडईच्या बाबतीत माणसाला सरळ फसवते. ती खूण कृत्रिम रंगात बुडवलेल्या धाग्यांसाठी बरी, तिथं धागा पांढरट पडतो.

आता डबी. तुम्ही लिहिलेला एकेक दावा घेतो.

मोगरा म्हणजे काडीचा फक्त वरचा लाल भाग, देठ काढून टाकलेला. देठासकट असेल तर त्याला लच्छा म्हणतात. लच्छा हे खरंच केशर असतं, त्यात वाईट काही नाही, फक्त पिवळ्या देठाला रंग-वास जवळजवळ नसल्यानं त्याचा भाव कमी असतो. तुमच्या वाटीतल्या ज्या दोन-चार काड्या मला खऱ्या वाटतात त्यांनाही पिवळा देठ आहे. म्हणजे करडई बाजूला काढली तरी उरलेला माल मोगरा नाही. डबीवरचा शब्द आणि डबीतली वस्तू जुळत नाही, आणि हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, एक स्वच्छ फोटो पुरतो.

'ए प्लस प्लस प्लस' अशी प्रत केशराच्या आंतरराष्ट्रीय मानकात नाही, ती छापणाऱ्याच्या मनातली आहे. मानक आहे ते आयएसओ 3632. त्यात पहिली, दुसरी, तिसरी अशा प्रती आहेत आणि त्या मुख्यतः ठरतात त्या केशराचा अर्क 440 नॅनोमीटरच्या प्रकाशात किती रंग दाखवतो त्यावर. पहिल्या प्रतीला हा आकडा किमान 200 लागतो. म्हणजे हे उपकरणातून आलेलं माप आहे, ते काड्यांकडं बघून कुणी सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही. शिवाय आयएसओ ही संस्था मानक लिहिते, ती कुणाच्या डबीला प्रमाणपत्र देत नाही. 'ग्रेड वन' हा दावा खरा असेल तर त्यामागं एखाद्या प्रयोगशाळेचा अहवाल असणार, त्यावर बॅच नंबर असणार, आणि तोच बॅच नंबर तुमच्या डबीवर असणार. विक्रेत्याला तो अहवाल मागा. तुमच्या डबीच्या मागच्या बाजूला बॅच नंबरची जागा कोरी आहे, त्यामुळं तो काय पाठवेल याची मला फारशी आशा नाही.

काही डब्यांवर '8.72 टक्के क्रोसिन' असा आकडाही दिसतो. तो काश्मिरी केशराबद्दल सर्रास सांगितला जाणारा आकडा आहे. तुमच्या हातातली डबी तपासून कुणी तो काढलेला नसतो.

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. काश्मीर केशराला ते 2020 मध्ये मिळालं. पांपोरजवळ दुस्सू इथं सरकारी केशर केंद्र आहे, तिथं माल तपासून, प्रत लावून, पॅक होतो आणि पाकिटावर क्यूआर कोड येतो. डबीवर असा कोड असेल तर तो स्कॅन करून बघा, कुठं पोचतो ते. तुमच्या डबीवर नुसतं जीआयचं चिन्ह छापलंय, कोड नाही, उत्पादकाचा काही क्रमांक नाही. चिन्ह तर कुठलाही छापखाना छापून देतो.

मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ आहे, ती फोटोत जेमतेम वाचता येते: 'पूजा व धार्मिक वापरासाठी'. ताई, तुमच्या सगळ्या डबीवर माझ्या दृष्टीनं हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची. पुढं 'अस्सल काश्मिरी' मोठ्यानं लिहायचं आणि मागं हळूच 'पूजेसाठी' म्हणून खाद्यपदार्थाच्या कायद्यातून अंग काढून घ्यायचं, हा जुना मार्ग आहे. खाण्याच्या केशरावर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक असावाच लागतो, तुमच्या डबीवर तो नाही. असता तरी त्याचा अर्थ एवढाच की पॅक करणाऱ्याकडं परवाना आहे, आतला माल कुणी तपासला असा नाही. पण तो क्रमांक foscos.fssai.gov.in वर टाकला की कुणाचं नाव, कुठला पत्ता ते कळतं. पत्ता डबीशी जुळला नाही तर माल परत करायला तेवढं कारण पुरेसं आहे.

किमतीचंही सांगून टाकतो. एक ग्रॅम केशराला साधारण दीडशे फुलं लागतात, म्हणजे साडेचारशेच्या आसपास काड्या, आणि प्रत्येक काडी हातानं वेगळी काढलेली. एकशे चाळीस रुपयांत काश्मिरी मोगरा आम्हाला ठोकीतसुद्धा पडत नाही. स्वस्त म्हणून खोटं, असं मी म्हणत नाही, इराणी किंवा अफगाणी केशर खरं असूनही कमी भावात येतं. पण मग डबीवर तसं लिहिलेलं हवं. फोटोतल्या काडीवरून ती काश्मीरची की इराणची, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. झाड एकच, काडी एकच.

माझ्या म्हणण्यावर पक्कं शिक्कामोर्तब हवं असेल तर अजून दोन फोटो पाठवा. पहिला: दहा-बारा काड्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर, एकमेकींना न चिकटता, शेजारी शाळेची पट्टी. सकाळी खिडकीपाशी काढा, थेट ऊन नको, फ्लॅश नको. दुसरा याहून महत्त्वाचा: एक लाल आणि एक नारिंगी काडी पांढऱ्या बशीत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. भिजली की काडी पुन्हा फुलावर होती तशी उघडते. मग सुईच्या टोकानं हलकेच पसरवा आणि वरून फोटो घ्या. केशर असेल तर एका बाजूनं चिरलेली, झालरीच्या कडेची तुतारी समोर येईल. करडई असेल तर नळी आणि तिच्या पाच पट्ट्या मोजता येतील. कोरड्या फोटोत जे दहा वेळा निरखून कळत नाही ते भिजलेल्या एका काडीत कळतं. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो दाबला जातो आणि नेमक्या टोकाच्या कडा पुसट होतात.

फोटोला न दिसणारी एक भेसळ राहते, तीही सांगतो. खऱ्या काड्यांना तेल, मध किंवा ग्लिसरीन चोळून वजन वाढवतात. फोटोत अशा काड्या जरा जास्तच चकचकीत आणि गठ्ठ्यानं चिकटलेल्या दिसतात, पण त्यावर मी निकाल देणार नाही. त्यासाठी पन्नास काड्या मोजून सराफाकडं न्या. खरी कोरडी काडी दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे पन्नास काड्यांचं वजन शंभर मिलिग्रॅमच्या जवळपास यायला हवं. लच्छा असेल तर थोडं जास्त. पावणेदोनशे-दोनशे भरलं तर काड्यांना काहीतरी पाजलेलं आहे. तसंच, खऱ्या काड्यांचा रंग एकदा काढून घेऊन त्या पुन्हा रंगवल्या असतील तर आकार अगदी बरोबर दिसतो आणि फोटो तिथं हरतो. फोटो पाहून 'हे नक्की खोटं' असं मी म्हणू शकतो, 'हे नक्की शुद्ध' असं कधीच म्हणत नाही.

सुनेबद्दल. करडईची फुलं चिनी औषधपद्धतीत पाळी आणण्यासाठी वापरतात आणि गरोदरपणात ती टाळायला सांगतात. दुधात टाकलेल्या चिमूटभर पाकळ्यांनी काही होईलच असं नाही, तेव्हा एकदा दिलं म्हणून घाबरून जाऊ नका, पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा. पाकळ्यांवर आणखी कुठला रंग चढवलाय हेही फोटोवरून कळत नाही, ते वेगळंच. आणि ताई, बाळाचा रंग केशरानं ठरत नाही. सुनेला वास आवडतो म्हणून द्यायचं असेल तर अवश्य द्या, डॉक्टरांना विचारून, एक-दोन काड्या, पण खऱ्या.

जाता जाता तुमच्या घरच्यांसाठी. आपल्या भागात 'अमेरिकन केशर' या नावानं बियाणं विकायला माणसं येतात. ते करडईचंच बी असतं. खऱ्या केशराला बीच धरत नाही, ते कंदावरच वाढतं. करडी लावायचीच तर परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला 'परभणी कुसुम' लावा आणि करडी म्हणूनच विका.

डबी फेकू नका. उरलेला माल, झाकण, बिल आणि ऑर्डरचं पान एकत्र ठेवा. विक्रेत्याला परत पाठवायची झाली तर आधी मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो काढून घ्या, त्यात 'पूजा व धार्मिक वापरासाठी' ही ओळ वाचता आली पाहिजे. मग ऑर्डरच्या पानावर विक्रेत्यानं माल कुठल्या विभागात दाखवलाय ते बघा. खाद्यपदार्थ किंवा मसाले या विभागात असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि डबीच्या मागचा फोटो, ही जोडी परभणीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीसोबत द्या. खाण्याची वस्तू म्हणून विकलं आणि पूजेची म्हणून छापलं, हे त्या दोन कागदांवरून कुणालाही दिसेल.